७०.७७, ७२.५ की ६९.५?

गणितात पहिल्या सत्रात ५० पैकी ४०, दुसऱ्या सत्रात ८० पैकी ५२ आणि प्रगतिपुस्तकावर अंतिम टक्के ६९.५. आठवीतल्या मुलाच्या आईने सगळे गुण एकत्र केले, १३० पैकी ९२, म्हणजे ७०.७७ टक्के. वडिलांनी ८० आणि ६५ टक्क्यांची सरासरी काढली, ती आली ७२.५. घराघरांतून अशाच शंका येऊ लागल्यावर वर्गशिक्षिकेने सर्व पालकांना पत्र लिहिले.

शाळेने पहिल्या सत्राला ३० टक्के आणि दुसऱ्याला ७० टक्के भारांश ठरवला होता. पत्रात बाईंनी हिशेब दोन पायऱ्यांत मांडला. आधी प्रत्येक सत्राचे टक्के काढायचे, कारण ५० गुणांच्या आणि ८० गुणांच्या पेपरांतले गुण थेट मिळवता येत नाहीत. मग त्या टक्क्यांतला ठरलेला वाटा घ्यायचा. ८० चे ३० टक्के २४, ६५ चे ७० टक्के ४५.५, बेरीज ६९.५. संगणकावरच्या तक्त्यात हे एका ओळीत बसते:

```
=B2/50*30+C2/80*70
```

आईवडिलांच्या आकडेमोडीत चूक नव्हती, पण दोघांनीही नकळत वेगळे भारांश धरले होते. सरासरी म्हणजे निम्मे-निम्मे, तर सरळ बेरजेत ८० गुणांचा पेपर आपोआप ६१.५ टक्के वजन घेतो. मुलाने हेच टक्के उलट क्रमाने, म्हणजे आधी ६५ आणि नंतर ८०, मिळवले असते तर निकाल ७५.५ लागला असता. सहा टक्क्यांचा हा फरक क्रमामुळे पडतो, म्हणून भारांश वर्षाच्या सुरुवातीलाच सांगायला हवेत.

याचे मोठे उदाहरण सीबीएसईच्या २०२२ च्या निकालात दिसले. कोरोनामुळे त्या वर्षी बोर्डाची परीक्षा दोन सत्रांत झाली होती. लेखी परीक्षेत पहिल्या, बहुपर्यायी प्रश्नांच्या सत्राला ३० टक्के आणि दुसऱ्याला ७० टक्के भारांश मिळाला. दहावीच्या ४० गुणांच्या पेपरांतून ८० गुण काढायचे होते, त्यामुळे पहिल्या पेपरातला एक गुण ०.६ आणि दुसऱ्यातला १.४ गुणांचा ठरला.

बाईंच्या पत्रातला सर्वांत उपयोगी भाग गैरहजेरीचा आहे. याच मुलाने आजारपणामुळे पहिले सत्र दिले नसते, तर रिकामी चौकट वरच्या सूत्राने शून्य धरली असती आणि निकाल ४५.५ दिसला असता. शाळेने ती गैरहजेरी माफ केली असेल तर उरलेल्या ७० टक्क्यांनीच भागायचे. ४५.५ भागिले ७० म्हणजे ६५ टक्के. एखाद्या मुलाचे अंतिम टक्के त्याच्या दोन्ही सत्रांच्या टक्क्यांपेक्षा कमी दिसले, तर आधी रिकामी चौकट शोधावी. भारांशांची बेरीज १०० असेल, तर अंतिम आकडा दोन्ही सत्रांच्या मध्येच यायला हवा.

अपूर्णांक पूर्ण करायचे असतील तर ते शेवटी, एकदाच करायचे, अशी सूचनाही पत्रात आहे.