अधिवासाचा दाखला आणि बारावीचे गाव

रोह्याच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांपासून कापडाचा व्यवसाय करणारे एक कुटुंब आहे. आजोबा राजस्थानातील पाली जिल्ह्यातून आले. वडिलांचे शिक्षण रोह्यातच झाले. थोरल्या मुलाचा जन्म रीतीप्रमाणे मामाकडे, म्हणजे राजस्थानात झाला. दहावीपर्यंत तो रोह्याच्या शाळेत शिकला. नंतर डॉक्टर होण्याच्या ओढीने त्याने कोट्यास जाऊन तेथील शाळेतून अकरावी-बारावी केली. ‘नीट’ परीक्षेत त्यास गुणही समाधानकारक मिळाले. मात्र महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेचा अर्ज भरताना त्याच्या वडिलांना कळले, की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील राज्याच्या जागांसाठी आपला मुलगा पात्रच नाही. ते म्हणाले, “घर येथे, दुकान येथे, मतदान येथे, रेशनकार्ड येथे. मग मुलगा परराज्यातला कसा झाला?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र रेशनकार्डात नव्हते. ते बारावीच्या गुणपत्रिकेवर, शाळेच्या पत्त्यात होते.

येथे प्रथम एक भेद समजून घ्यावयास हवा. आपण ज्यास ‘डोमिसाइल’ म्हणतो, तो अधिवासाचा दाखला आपण या राज्याचे कायम रहिवासी आहोत एवढे सांगतो. प्रवेशाच्या नियमांत ‘राज्याचा विद्यार्थी’ ठरवताना अधिवासाखेरीज आणखी दोन गोष्टी पाहिल्या जातात : दहावी कोठून उत्तीर्ण झाली आणि बारावी कोठून. कोणत्या अभ्यासक्रमास यांपैकी काय लागते, हे निरनिराळे आहे. त्यामुळे एकच मुलगा एका दारात घरचा आणि दुसऱ्या दारात परका ठरू शकतो. आपल्या रोह्याच्या मुलाचेच उदाहरण तिन्ही दारांशी नेऊन पाहू.

पहिले दार वैद्यकीय प्रवेशाचे. शासकीय महाविद्यालयातील एम.बी.बी.एस.च्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या असतात. अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शंभर जागा धरल्या, तर पंधरा जागांसाठी साऱ्या देशाची स्पर्धा आणि पंच्याऐंशी जागा महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांसाठी. या पंच्याऐंशींसाठी सर्वसाधारण नियम असा, की विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा आणि त्याची दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असाव्यात. यांतील एक अट जरी तुटली, तरी राज्याचा कोटा बंद होतो. शासकीय सेवेतील बदलीमुळे ज्यांची मुले राज्याबाहेर शिकली, अशा काही पालकांसाठी सवलती आहेत. व्यापारी कुटुंबांना त्यांचा उपयोग नाही. आपल्या मुलाच्या हाती देशपातळीवरच्या पंधरा टक्के जागा तेवढ्या उरल्या, आणि अभिमत विद्यापीठांतील वा खासगी महाविद्यालयांच्या संस्थापातळीवरील जागा, ज्यांचे शुल्क शासकीय शुल्काच्या कितीतरी पट असते.

राजस्थानात बारावी केली म्हणून तेथील राज्याच्या जागा मिळतील, असे समजणेही चुकीचे. तेथे मूळनिवासाचा पुरावा मागतात. रोह्यात घर असलेल्या कुटुंबाने गावाकडच्या जुन्या घराच्या आधारे तेथलाही दाखला काढणे म्हणजे दोन ठिकाणी कायम वास्तव्य असल्याचे शपथेवर सांगणे होय. असा प्रवेश पुढे केव्हाही रद्द होऊ शकतो.

दुसरे दार राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशाचे. येथे नियम अधिक मोकळा आहे. दहावी व बारावी महाराष्ट्रातून झालेला आणि महाराष्ट्रात जन्मलेला वा येथील अधिवासी असलेला विद्यार्थी ‘अ’ प्रकारात येतो. अर्जात तो ‘टाइप ए’ असा लिहिलेला असतो. जो यात बसत नाही, पण जो स्वतः किंवा ज्याचे वडील अथवा आई महाराष्ट्राची अधिवासी आहे, तो ‘टाइप बी’मध्ये येतो आणि महाराष्ट्राचाच उमेदवार मानला जातो. म्हणून आपल्या मुलाची बारावी कोट्याची असूनही वडिलांच्या अधिवासाच्या दाखल्यावर त्यास हे दार उघडे राहिले.

तिसरे दार राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांचे, म्हणजे ‘एनआयटीं’चे. त्यांच्या निम्म्या जागा ‘गृहराज्या’च्या मुलांसाठी असतात. पण येथे गृहराज्य म्हणजे बारावी जेथून उत्तीर्ण झाली ते राज्य. घर कोठे आहे, अधिवास कोणाचा आहे, हे विचारलेच जात नाही. त्यामुळे आपला रोह्याचा मुलगा नागपूरच्या संस्थेसाठी परराज्यातला आणि जयपूरच्या संस्थेसाठी घरचा ठरला. ‘आयआयटीं’ना असा गृहराज्याचा कोटा नाही.

मुलगा एकच, कागदपत्रे तीच. दारे तीन आणि उत्तरेही तीन. म्हणून दहावीनंतर मुलास कोठे पाठवावे हा निर्णय शिकवणीवर्गाच्या कीर्तीवर न घेता मुलाच्या ध्येयावर घ्यावा. केवळ आयआयटी हेच लक्ष्य असेल, तर कोट्याच्या बारावीने त्या दारी काही बिघडत नाही. शासकीय एम.बी.बी.एस. हवे असेल, तर बारावी महाराष्ट्राबाहेर करणे हा पंच्याऐंशी टक्क्यांवर पाणी सोडण्याचा निर्णय आहे. पुणे, लातूर किंवा मुंबई येथे गेल्यास ही अडचण येत नाही, कारण शाळा राज्यातच राहते. पूर्वी राज्याच्या आत विभागवार ७०:३० अशी वाटणी होती. तीही वैद्यकीय प्रवेशातून २०२० साली रद्द झाली. बोर्ड कोणते याचा येथे संबंध नाही. केंद्रीय मंडळाची शाळाही महाराष्ट्रात असली की पुरे. आणखी एक सावधानता दहावीविषयी. अबूकडील एखाद्या निवासी शाळेतून दहावी करून मूल अकरावीस घरी परतले, तरी वैद्यकीय प्रवेशातील दहावीची अट तुटलेलीच राहते.

हे नियम न्यायालयात टिकतील काय, असे पालक विचारतात. १९८४ साली डॉ. प्रदीप जैन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की भारतात कायद्याने अधिवास एकच, तो भारताचा. राज्ये ज्यास अधिवास म्हणतात ते वस्तुतः कायम वास्तव्य आहे. तरीही एम.बी.बी.एस.मध्ये काही प्रमाणात वास्तव्यावर आधारित जागा ठेवण्यास न्यायालयाने मुभा दिली. २९ जानेवारी २०२५ रोजी डॉ. तन्वी बहल यांच्या खटल्यात पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रमांतील असे आरक्षण घटनाबाह्य ठरले. पदवीच्या पातळीवरील मुभा मात्र राहिली. तेव्हा बारावीच्या मुलाच्या पालकांनी नियम आहे असेच धरून चालावे.

आता दाखल्याकडे वळू. त्याचे पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. अर्ज ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर किंवा पेण, रोहे येथील सेतू केंद्रातून करता येतो आणि दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. लोकसेवा हक्क अधिनियमानुसार त्यास पंधरा दिवसांची मुदत आहे. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, वयासाठी जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, तलाठ्याचा रहिवासी दाखला आणि स्वयंघोषणापत्र एवढी कागदपत्रे लागतात. यांतील कळीचा मुद्दा महाराष्ट्रातील किमान पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा आहे, आणि आपल्या घरांतील कागद नेमके येथेच अपुरे पडतात.

आधारकार्ड आजचा पत्ता सांगते. तो पत्ता किती वर्षांचा आहे, हे ते सांगत नाही. दुकानाचा परवाना आणि जीएसटी नोंदणी यांतून व्यवसाय कोठे आहे हे कळते. कुटुंब कोठे राहते हे कळत नाही. घर पागडीचे असेल, तर वीजबिल घरमालकाच्या नावाने असते. रेशनकार्डावर आजोबांनंतर कोणी नावे चढवलेली नसतात. म्हणून एका भक्कम कागदाच्या शोधात न राहता वर्षांची साखळी जुळवावी. मुलासाठी सर्वांत सरळ साखळी शाळेची. पहिलीच्या प्रवेशाचा उतारा आणि दहावीपर्यंतचा शाळेचा दाखला मिळून बरीच वर्षे भरून निघतात. त्याआधीची वर्षे वडिलांच्या वास्तव्याने सिद्ध करावी लागतात. वडिलांचा स्वतःचा येथील शाळा सोडल्याचा दाखला, जुनी घरपट्टीची पावती, मतदारयादीतील नाव, भाडेपावत्या असे जे वर्षवार हाती लागेल ते लावावे.

रोह्याच्या कुटुंबात धाकट्या मुलीसाठी हेच केले. तिचाही जन्म मामाकडचा, त्यामुळे जन्मदाखला राजस्थानचा. तेवढ्याने अधिवास नाकारला जात नाही. वास्तव्य सिद्ध झाले की पुरते. बालवाडीपासून दहावीपर्यंत तिची सलग शाळा रोह्यातच होती, आणि वडिलांचा १९८० च्या दशकातील शाळेचा दाखला जुन्या ट्रंकेत सापडला. एक गाठ मात्र राहिली. मुलीच्या शाळेत आडनाव ‘जैन’ लावलेले, वडिलांच्या दाखल्यावर मूळ गोत्राचे आडनाव. दोन्ही कागदांवरची माणसे एकाच घरची आहेत, हे कार्यालयास कळावे कसे? वडिलांनी नावातील बदल शासकीय राजपत्रात प्रसिद्ध करून घेतला, त्याची प्रत अर्जास जोडली, आणि दाखला हाती आला. आपल्या अनेक घरांत हा आडनावाचा घोळ आहे. मूल शाळेत असतानाच शाळेची नोंद पाहून ठेवावी. शाळा सुटल्यावर ती बदलणे अवघड जाते.

येथे हेही सांगावयास हवे, की जैन समाज अल्पसंख्याक म्हणून घोषित असला, तरी त्या प्रमाणपत्राचा शासकीय महाविद्यालयात उपयोग नाही. त्या जागा समाजाने चालवलेल्या अल्पसंख्याक संस्थांत असतात. अल्पसंख्याक प्रमाणपत्र वास्तव्याचा पुरावाही होत नाही.

मुलीने अकरावी-बारावी रायगड जिल्ह्यातच केली. अधिवासाचा दाखला दहावीच्या सुट्टीतच काढलेला होता. जूनमध्ये निकालानंतर सेतू केंद्रांवर रांगा लागतात आणि पंधरा दिवसांची मुदत प्रवेशाच्या वेळापत्रकावर येऊन आदळते. तिला त्या रांगेत उभे राहावे लागले नाही. राज्याच्या पंच्याऐंशी टक्के जागांसाठी तिचा अर्ज कोणत्याही त्रुटीविना मान्य झाला. थोरल्याचे आणि तिचे घर एक, आजोबांचे गाव एक, रेशनकार्डही एकच. फरक इतकाच, की तिच्या बारावीच्या गुणपत्रिकेवरील शाळा महाराष्ट्रात होती.