साठ्याचा हिशेब, भाग 6 : तूट शोधण्याआधी वेळ तपासा

मागच्या भागात गोण्यांना चिठ्ठ्या लावून दोघांनी स्वतंत्रपणे मोजणी कशी करायची ते पाहिले. मोजणी चोख झाली तरी तिचा आकडा वहीशी क्वचितच जुळतो, आणि तो जुळला नाही की संशय पहिल्यांदा नोकरावर जातो. माझे म्हणणे असे आहे की हा क्रम उलटा आहे. तूट हा आधी वेळेचा प्रश्न असतो : मोजणी आणि वही एकाच क्षणाबद्दल बोलत आहेत का? या क्षणाच्या रेषेलाच हिशेबनीस कट-ऑफ म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत माल कमी आहे असे म्हणणेसुद्धा घाईचे ठरते.

लालबागच्या मिरची गल्लीत ही रेषा पाळणे विशेष कठीण जाते. मार्चपासून मे अखेरपर्यंत घरोघरच्या वर्षाच्या मसाल्याची खरेदी चालते, आणि हिशेबाचे वर्ष नेमके त्याच गर्दीत, 31 मार्चला संपते. समजा, तिथल्या एका दुकानाच्या वहीत त्या रात्री ब्याडगी मिरची 1,240 किलो आहे आणि काट्यावर भरते 1,168 किलो. फरक 72 किलो. मोजणी सुरू करण्यापूर्वी शेवटच्या आवक पावतीचा, शेवटच्या बिलाचा आणि शेवटच्या चलनाचा क्रमांक टिपून ठेवला असेल, तर पुढचे काम सोपे होते, कारण त्या क्रमांकांच्या आगेमागेचे चार-पाच कागदच तपासायचे असतात. इथे आवकेच्या बाजूला 40 किलोच्या एका गोणीचे बिल 30 मार्चला वहीत चढलेले दिसते, पण ट्रकची पावती 2 एप्रिलची आहे. जावकेच्या बाजूला 20 किलो मिरची 31 मार्चच्या संध्याकाळी चलनावर एका केटरिंगवाल्याकडे गेली आणि बिल दुसऱ्या दिवशी फाडले गेले. पहिल्या गोणीची मालकी व्यवहाराच्या अटींप्रमाणे दुकानाकडे आली असेल, तर ती वाटेतला माल म्हणून साठ्यात दाखवायची. आली नसेल, तर खरेदीची नोंदच मार्चमधून काढायची. वीस किलोची विक्री मात्र मार्चमध्येच धरायची. म्हणजे दुकानात असायला हवी होती 1,180 किलो, आणि खरी तूट उरली 12 किलोची.

यावर कोणी म्हणेल की असे कागद शोधत बसणे म्हणजे चोरट्याला पळवाट देणे. पण हीच तपासणी लपलेली तूट उघडीही पाडते. कांडपासाठी आलेली गिऱ्हाइकांची मिरची याच दुकानात पिशव्यांमधून ठेवलेली असते. ती बाजूला काढली नाही आणि चुकून मोजली गेली, तर दुकानाचा गेलेला माल दुसऱ्याच्या मालाने झाकला जातो आणि वही बिनचूक दिसते. ज्या दुकानात फरक कधीच निघत नाही, तिथे मी या पिशव्या आधी पाहीन.

उरलेल्या 12 किलोंसाठी पुरावा गोण्यांमध्येच मिळतो. शिवण न उसवलेल्या 27 गोण्या आहेत. येताना प्रत्येकीचे वजन 40 किलो होते, आज त्याच काट्यावर ते 39 किलो 700 ग्रॅम भरते. उघडलेलीच नाही त्या गोणीतून कोणी काही काढलेले नाही, तेव्हा 300 ग्रॅम म्हणजे मिरचीतला उडालेला ओलावा. सत्तावीस गोण्यांचे मिळून सुमारे 8 किलो होतात. ही मालाच्या स्वभावातली घट असल्यामुळे तिचे वेगळे नुकसान दाखवायचे नाही. तिचा खर्च उरलेल्या मिरचीच्या किमतीत मिसळतो, म्हणजे किलोमागचा भाव किंचित वाढतो. आपल्या लेखा मानकांतही नेहमीची घट आणि असाधारण घट यांत हाच भेद आहे.

राहिले 4 किलो. सुटा माल पुन्हा तोलला, दुकानाच्या स्वतःच्या मसाल्यासाठी कांडपाला दिलेल्या मिरचीच्या चिठ्ठ्या लावून पाहिल्या, तरी उत्तर मिळाले नाही, तर ते माल-तूट खात्यात वेगळे लिहावेत. किलोला 300 रुपये धरले तर 1,200 रुपये. अनेक दुकानदार विचारतात की एवढ्याशा रकमेसाठी वेगळे खाते कशाला, अखेरचा साठाच मोजणीप्रमाणे लिहिला की नफा आपोआप तेवढा कमी होतो. नफ्याचा आकडा खरोखर तोच येतो. पण जीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(एच) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा हिशेबातून वजा केलेल्या मालावर घेतलेले कराचे क्रेडिट परत करावे लागते. मिरचीवर 5 टक्के कर धरला तर इथे ते 60 रुपये होतात, आणि तूट साठ्यात विरघळवली की ही जबाबदारी वहीत कुठेच दिसत नाही. शिवाय पुढच्या मोजणीत पुन्हा चार किलो कमी आले, तर आधीचे चार किलो लिहिलेले असल्याशिवाय दोन्हींचा संबंध लागत नाही. संशय माणसावर घ्यायचाच असेल, तर तो अशा दोन नोंदी समोर ठेवून घ्यावा.

हंगामात दुकान बंद ठेवता येत नाही ही अडचण खरी आहे. अशा वेळी मोजणी एप्रिलच्या एखाद्या रविवारी करून मधल्या दिवसांची आवक वजा आणि जावक अधिक करत 31 मार्चपर्यंत मागे यायचे. मात्र त्या मधल्या दिवसांचा प्रत्येक कागद क्रमाने हाती असला पाहिजे. त्यातले एक जरी चलन हरवले, तरी तेवढ्या वजनाची खोटी तूट किंवा खोटी वाढ 31 मार्चच्या आकड्यात येऊन बसते.