पायचीत: जो चेंडू स्टंपपर्यंत पोहोचलाच नाही

३० मार्च २०११, मोहाली. विश्वचषकाची उपांत्य फेरी. सईद अजमलचा चेंडू सचिनच्या पॅडवर आदळला आणि पंच इयन गोल्ड यांनी बोट वर केलं. सचिन तेव्हा २३ वर होता. त्याने दाद मागितली. पडद्यावरचा चेंडू लेग स्टंपच्या बाहेरून निघून गेला, निर्णय फिरला आणि सचिनने ८५ केल्या. अजमल पुढेही म्हणत राहिला की तो बादच होता.

पंचाला क्षणभरात काही गोष्टी पाहाव्या लागतात. चेंडू लेग स्टंपच्या बाहेर पडला असेल तर विषय तिथेच संपतो. बॅट आधी लागली असेल तरीही तेच. मग तो स्टंपच्या रेषेत लागला का? फलंदाजाने फटका मारायचा प्रयत्नच केला नसेल, तर ऑफ स्टंपच्या बाहेर लागलेलाही चालतो.

शेवटचा प्रश्न मात्र वेगळा आहे: पाय नसता तर चेंडू स्टंपवर गेला असता का? हे कुणीच पाहिलेलं नसतं. यंत्रसुद्धा आधीच्या मार्गावरून पुढचा अंदाजच काढतं. म्हणून चेंडूचा निम्म्याहून कमी भाग स्टंपला लागताना दिसला, तर मैदानावरच्या पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. परिणामी तोच चेंडू एका पंचाकडे बाद, दुसऱ्याकडे नाबाद! गोलंदाजाला हे पटणार कसं? मला विचाराल तर अंदाजाला अंदाज म्हणणारा हा नियम प्रामाणिक आहे.