एका चॅनलचे संदेश कुठे ठेवायचे?

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर एखादे चॅनल उघडले की त्यातले शेवटचे पन्नासेक संदेश समोर येतात. वर सरकत गेलो की त्याच्या आधीचे पन्नास येतात. वापरणाऱ्याला हे इतके साधे वाटते की त्यामागे काही ठरवावे लागले असेल असे मनातही येत नाही. पण संदेश एका संगणकात मावेनासे झाले आणि ते अनेक सर्व्हरवर वाटायची वेळ आली, की एक प्रश्न टाळता येत नाही: कोणता संदेश कोणत्या सर्व्हरवर जाणार, हे कशावरून ठरवायचे?

उत्तरे मुख्यतः दोन. पहिले उत्तर क्रमाचे. दहावीच्या परीक्षेला केंद्राच्या फळ्यावर लिहिलेले असते, अमुक बैठक क्रमांकापासून तमुकपर्यंत खोली नंबर एक, पुढचे खोली नंबर दोन. डेटाबेसही तसेच करतो. प्रत्येक नोंदीला एक किल्ली असते. किल्ल्या चढत्या क्रमाने लावायच्या, त्या रांगेचे सलग तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा एकेका सर्व्हरकडे द्यायचा. याला रेंज पार्टिशनिंग म्हणतात. गूगलने २००६ साली आपल्या बिगटेबल या डेटाबेसची रचना एका शोधनिबंधातून मांडली, ती याच पद्धतीची होती. तिथे एक तुकडा साधारण शंभर-दोनशे मेगाबाइटचा असे. तो वाढला की मधोमध दुभंगे आणि जास्त भार असलेल्या सर्व्हरवरचे तुकडे मोकळ्या सर्व्हरकडे हलवले जात.

या पद्धतीचे खरे बळ सलग वाचनात, म्हणजे रेंज स्कॅनमध्ये आहे. शेजारच्या किल्ल्या शेजारीच असतात, त्यामुळे ‘इथून इथपर्यंतचे सगळे दे’ असे विचारले की बहुतेक वेळा एकाच सर्व्हरकडे जाऊन काम भागते. फार तर तुकड्याची हद्द ओलांडून पुढच्याकडे जावे लागते. बिगटेबलच्या त्याच निबंधात एक सुंदर युक्ती आहे. वेबपानांचे पत्ते तिथे उलटे लिहून ठेवत, `maps.google.com` हे `com.google.maps` असे. सुलट लिहिले असते तर एकाच संस्थेची पाने `m`, `n`, `w` अशी कुठेकुठे पांगली असती. उलट लिहिल्याने ती एकापुढे एक आली. क्रम आपोआप उपयोगी पडत नाही, कशाच्या शेजारी काय यावे हे किल्ली बनवतानाच ठरवावे लागते.

आता डिस्कॉर्डचे संदेश क्रमाने लावून पाहू. तिथे प्रत्येक संदेशाला ६४ बिटांचा क्रमांक मिळतो आणि त्याचे पहिले ४२ बिट म्हणजे वेळ असते: २०१५ च्या पहिल्या क्षणापासून किती मिलिसेकंद गेले ते. म्हणजे नंतरच्या संदेशाचा क्रमांक मोठा. हा क्रमांकच किल्ली धरली आणि दहा सर्व्हरवर रेंज पार्टिशनिंग केले तर काय होईल? जगात आत्ता या क्षणी लिहिला जाणारा प्रत्येक संदेश आधीच्या सर्व संदेशांहून मोठ्या क्रमांकाचा आहे, म्हणून तो रांगेच्या शेपटाला जाईल. शेपूट एकाच सर्व्हरकडे असते. समजा, एक सर्व्हर सेकंदाला दहा हजार संदेश लिहू शकतो. दहांची मिळून ताकद एक लाखाची असली, तरी प्रत्यक्षात लिहिले जातील दहा हजारच, आणि नऊ सर्व्हरकडे नवे लिखाण काहीच नसेल.

तुकडा आपोआप दुभंगतो, मग भार वाटला जाणार नाही का, असे इथे वाटू शकते. नाही वाटला जाणार, आणि या पद्धतीत सर्वांत जास्त फसगत इथेच होते. तुकडा दुभंगला की त्याचा जुना अर्धा भाग थंड पडतो, कारण तिथे नवे काही येणारच नसते. सगळे नवे लिखाण उरलेल्या अर्ध्यातच जाते. दुभंगण्याने साठा वाटला जातो, भार वाटला जात नाही. ओळखण्याची खूण अशी: एका सर्व्हरचा प्रोसेसर पूर्ण व्यापलेला, बाकीचे निवांत, आणि आणखी सर्व्हर जोडले तरी लिहिण्याचा वेग जैसे थे. कालांतराने तापलेला सर्व्हर बदलतो, पण तापलेला नेहमी एकच असतो. बिगटेबलच्या धर्तीवर बनलेल्या एचबेसच्या मार्गदर्शिकेत सतत वाढत जाणाऱ्या किल्ल्यांबद्दल वेगळा इशारा दिलेला आहे, तो यासाठीच.

दुसरे उत्तर क्रम मुद्दाम मोडण्याचे. किल्ली एका गणिती सूत्रातून काढायची, त्यातून जो आकडा निघेल तो तिचा हॅश, आणि सर्व्हर ठरवायचा तो त्या हॅशवरून. सूत्र असे निवडलेले असते की किल्लीत एका अक्षराचा फरक पडला तरी हॅश पार बदलावा. एमडी५ हे जुने सूत्र घेऊ. कॅसॅन्ड्रा या डेटाबेसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये तेच वापरात होते, नंतर मर्मर३ आले. लागोपाठच्या तीन अक्षरांचे हॅश असे सुरू होतात:

```
a  →  0cc175b9...
b  →  92eb5ffe...
c  →  4a8a08f0...
```

चार सर्व्हर आहेत असे धरू. ज्यांचा हॅश `0` ते `3` ने सुरू होतो ते पहिल्याकडे, `4` ते `7` दुसऱ्याकडे, `8` ते `b` तिसऱ्याकडे, `c` ते `f` चौथ्याकडे. मग `a` पहिल्याकडे गेला, `b` तिसऱ्याकडे आणि `c` दुसऱ्याकडे. तीन शेजारी, तीन घरे. कोट्यवधी किल्ल्या अशा वाटल्या की प्रत्येक सर्व्हरच्या वाट्याला जवळजवळ सारख्याच येतात, मग त्या वाढत्या क्रमाच्या असोत की कशाही. संदेशाच्या क्रमांकाचा हॅश काढला तर शेपटाचा प्रश्नच संपतो. दहाही सर्व्हर कामाला लागतात.

पण `a` ते `c` मधले सगळे दे, असे आता कोणाला विचारायचे? मधल्या किल्ल्या कुठे आहेत हे क्रमावरून कळत नाही, म्हणून प्रत्येक सर्व्हरला विचारावे लागते, सगळ्यांची उत्तरे गोळा करून पुन्हा क्रम लावावा लागतो. पन्नास संदेशांसाठी शंभर सर्व्हरची दारे ठोठवायची. यात कामाचा पसारा वाढतो तो वेगळाच, पण त्याहून त्रासाचे असते ते थांबणे. समजा, प्रत्येक सर्व्हर शंभरातल्या एखाद्याच वेळी उशिरा उत्तर देतो. एकट्याला विचारले तर हा उशीर क्वचितच जाणवेल. शंभरांना विचारले आणि सगळ्यांसाठी थांबलो, तर निदान एक तरी उशिरा येण्याची शक्यता ६३ टक्के होते. क्वचितचा उशीर नेहमीचा होऊन बसतो.

डिस्कॉर्डने काय केले ते इथे पाहण्यासारखे आहे. २०१५ मध्ये त्यांचे सगळे संदेश मॉंगोडीबीत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते दहा कोटींवर गेले, त्यांची सूची मेमरीत मावेना, आणि त्यांनी कॅसॅन्ड्राकडे जायचे ठरवले. कॅसॅन्ड्रा हॅशने वाटते, पण तिथे किल्लीचे दोन भाग करता येतात. पहिल्या भागाचा हॅश निघतो आणि सर्व्हर ठरतो. दुसऱ्या भागाचा हॅश काढला जात नाही, त्याने पार्टिशनच्या आत क्रम लागतो. चॅनलचा क्रमांक पहिल्या भागात आणि संदेशाचा दुसऱ्यात टाकला की लाखो चॅनल सर्व्हरांवर पांगतात, पण एका चॅनलचे संदेश एकत्र आणि क्रमाने राहतात. लोक चॅनल सलग वाचतात. सगळ्या चॅनलांतले संदेश मिळून कोणी सलग वाचत नाही. मोडला तो क्रम कोणाला नकोच होता.

तरी एक अडचण उरली. जुना साठा कॅसॅन्ड्रात भरू लागताच काही पार्टिशन शंभर मेगाबाइटच्या वर गेल्याचे इशारे दिसू लागले. मोठे, सतत बोलते चॅनल कायम वाढतच जाणार आणि हॅश पद्धतीत एक पार्टिशन दुभंगत नाही. म्हणून त्यांनी वेळेचे दहा-दहा दिवसांचे कप्पे पाडले आणि कप्प्याचा क्रमांकही पहिल्या भागात घातला:

```
PRIMARY KEY ((channel_id, bucket), message_id)
```

आता एका चॅनलचा प्रत्येक कप्पा वेगळ्या सर्व्हरवर असू शकतो. बोलत्या चॅनलचे शेवटचे पन्नास संदेश ताज्या कप्प्यातच मिळतात. पण महिनोन् महिने शांत असलेले चॅनल कोणी उघडले, तर आजचा कप्पा रिकामा, त्याच्या आधीचाही रिकामा, असे मागे मागे जात पुरेसे संदेश मिळेपर्यंत विचारत राहावे लागते. कोणते कप्पे रिकामे आहेत याची नोंद त्यांना ठेवावी लागली. सलग वाचनाची किंमत कमी झाली, संपली नाही.

मला वाटते, हीच दोन भागांची किल्ली रेंज पद्धतीतही चालली असती. आधी चॅनल, मग संदेश असा क्रम लावला तर लिखाण शेपटाला न जाता रांगेभर जिथे जिथे बोलते चॅनल आहेत तिथे पडते. तुकड्याची हद्द एखाद्या चॅनलच्या मधोमधही येऊ शकते, त्यामुळे कप्प्यांची गरज नाही आणि शांत चॅनलचे जुने संदेशही लगेच हाती लागतात. त्या बदल्यात कोणता तुकडा कुठे आहे याची सतत बदलती वही सांभाळावी लागते. सुरुवातीला तुकडाच एक असतो, म्हणून हद्दी आधीच आखून दिल्या नाहीत तर पहिला काळ एकच सर्व्हर राबतो.

एक दुखणे मात्र दोन्ही पद्धतींत सारखेच उरते. हॅश किल्ल्या सारख्या वाटतो, लोकांचे लक्ष सारखे वाटत नाही. लाखो सभासदांच्या चॅनलवर कोणी सर्वांना उद्देशून घोषणा केली की सगळे एकदम तेच पार्टिशन वाचायला धावतात. त्या किल्लीचा हॅश कितीही वेळा काढला तरी तोच येणार. कॅसॅन्ड्रात त्याच्या तीन प्रती होत्या, म्हणून ते तीन सर्व्हर दमायचे आणि त्यांच्यावर असलेल्या इतर शांत चॅनलांनाही उशीर व्हायचा. इथे खूण वेगळी दिसते: प्रत्येक सर्व्हरवरचा साठा जवळजवळ सारखा, पण दोन-तीन सर्व्हरचा प्रतिसाद अचानक मंदावलेला. २०१७ मध्ये त्यांच्याकडे कॅसॅन्ड्राचे १२ नोड होते, २०२२ च्या सुरुवातीला १७७ झाले, तरी हे दुखणे गेले नाही.

पुढे त्यांनी डेटाबेस बदलून सिल्लाडीबी घेतला, पण या दुखण्यावरचा इलाज डेटाबेसच्या अलीकडे केला. रस्ट भाषेत एक मधली सेवा लिहिली. एकाच नोंदीसाठी हजार जणांनी एकाच वेळी मागणी केली तर ती सेवा डेटाबेसला एकदाच विचारते आणि आलेले उत्तर हजारांना देते. यासाठी एका चॅनलच्या सगळ्या मागण्या त्या सेवेच्या एकाच प्रतीकडे यायला हव्या होत्या. त्या तिथे आणण्यासाठी चॅनलच्या क्रमांकाचा हॅशच वापरला, यावेळी पांगवायला नव्हे, एकत्र आणायला.