कर्णपटलाचे छिद्र : कर्णपूरण कोठे थांबवावे, शस्त्रकर्म केव्हा सुचवावे

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात कर्णस्रावाच्या चिकित्सेत धूपन, पूरण, प्रमार्जन, धावन हे उपक्रम सांगितले. मात्र ते वारंवार निरीक्षण करूनच योजावेत, असाही निर्देश दिला. कर्णपटलास छिद्र असलेल्या रुग्णाच्या बाबतीत या निर्देशाचे मोल विशेष आहे. पटल अखंड असताना हितकर ठरणारे तेल छिद्रातून थेट मध्यकर्णात उतरते आणि तेथे अपाय करते. म्हणून कर्णपूरणापूर्वी ओटोस्कोपने पटल पाहणे अनिवार्य समजावे.

अकलूज परिसरात तालमीची परंपरा जुनी असल्याने कानावर उघड्या पंजाचा फटका बसलेले तरुण चिकित्सालयात येतात. अशाच एका बावीस वर्षांच्या पैलवानाचा वृत्तांत येथे देत आहे. फटक्यानंतर डाव्या कानातून रक्ताचा थेंब आला, कान बंद झाल्यासारखा वाटू लागला व कर्णनाद सुरू झाला. दुसऱ्या दिवशी तपासणीत पटलाच्या पुढील-खालच्या भागात वेडेवाकडे, पटलाच्या सुमारे चतुर्थांश आकाराचे छिद्र दिसले. त्याच्या कडांवर रक्त सुकलेले होते, स्राव नव्हता. ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मध्यावर ठेवला असता आवाज डाव्या, म्हणजे बाधित कानात अधिक ऐकू आला. यावरून दोष ध्वनिवहनाचा आहे, अंतःकर्ण बहुधा सुरक्षित आहे, असे अनुमान काढले. हाच आवाज निरोगी कानात अधिक ऐकू आला असता, अथवा भ्रम किंवा अर्दित असते, तर रुग्णास त्याच दिवशी कर्णतज्ज्ञाकडे पाठविणे आवश्यक होते.

या रुग्णाच्या कानात कोणतेही औषध घातले नाही. घरी लसूण घालून कढविलेले तेल सोडण्याचा विचार चालला होता, तो थांबविला. आघातजन्य कोरडी छिद्रे बहुतांशी सहा ते आठ आठवड्यांत आपोआप भरतात. पटलाच्या बाह्य थरातील पेशी कडांवरून सरकत येऊन छिद्र झाकतात आणि सुकलेल्या रक्ताची खपली त्यांना आधार देते. पाणी, तेल किंवा काडी यांनी ही खपली हलली अथवा जंतुसंसर्ग झाला की रोपणास विलंब होतो.

रुग्णास पुढील पथ्ये सांगितली. स्नानाच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा. विहिरीत किंवा कालव्यात पोहू नये. नाक जोराने शिंकरू नये, शिंक तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी. पटल भरेपर्यंत कुस्ती बंद ठेवावी. दहाव्या दिवशी त्यास प्रतिश्याय झाला. त्याची चिकित्सा तत्काळ केली, कारण नासामार्गातील दोष कर्णनलिकेतून मध्यकर्णात पोहोचतो. तिसऱ्या आठवड्यात छिद्र निम्मे राहिले, सहाव्यात टाचणीच्या टोकाएवढे उरले आणि नवव्या आठवड्यात बंद झाले. नव्या पटलात मधला तंतुमय थर बहुधा पूर्ण तयार होत नाही. तो भाग पातळ राहतो. त्यामुळे फटक्यापासून जपण्याची सूचना कायम ठेवली.

वेल्डिंगची ठिणगी कानात गेलेल्या एका कामगाराचा प्रकार मात्र निराळा होता. दाहामुळे कडांचा रक्तपुरवठा बिघडतो, म्हणून अशी छिद्रे सहज भरत नाहीत. तीन महिन्यांनंतरही छिद्र तेवढेच होते आणि प्रत्येक सर्दीत कान वाहत असे. बाहेरील त्वचा छिद्राच्या कडेवरून वळून आतील श्लेष्मल थराला मिळाली की छिद्र कायमचे होते. मग कोणत्याही औषधाने ते बुजत नाही. अशा वेळी टिम्पॅनोप्लास्टी सुचवावी. तीत शल्यतज्ज्ञ जुन्या कडा खरवडून ताज्या करतात आणि कानशिलाजवळील स्नायूवरचे पातळ आवरण किंवा कानाच्या कूर्चेचा तुकडा कलम म्हणून बसवितात. कान काही आठवडे कोरडा असताना हे शस्त्रकर्म केल्यास यश मिळण्याची शक्यता चांगली असते. सुश्रुतोक्त कर्णसंधान हे कर्णपाळीचे आहे, पटलाचे नव्हे, हेही रुग्णास सांगावे.

तीन महिने वाट पाहणे मात्र सर्वत्र योग्य नाही. छिद्र पटलाच्या कडेला किंवा वरच्या भागात असेल, स्राव थोडा पण दुर्गंधी असेल आणि पांढरे पापुद्रे दिसत असतील, तर कोलेस्टिॲटोमाची शंका घ्यावी. हा रोग अस्थी कुरतडत मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. येथे शस्त्रकर्मास विलंब करू नये.

औषधालयाच्या संचालकांनी कानाचे तेल किंवा थेंब देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : कान वाहतो काय, कानाला मार लागला होता काय, अचानक कमी ऐकू येऊ लागले काय? एकाचेही उत्तर ‘होय’ असल्यास बिल्व तेल, क्षार तेल काहीच देऊ नये. जेंटामायसिन किंवा निओमायसिनयुक्त थेंबही देऊ नयेत. छिद्रातून ते अंतःकर्णापर्यंत पोहोचून श्रवणशक्ती कायमची हिरावू शकतात. अशा ग्राहकास प्रथम कान तपासून घेण्यास सांगावे.