ब्रीफकेसपासून सिंकथिंगपर्यंत

मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हमधली एक सोय ३१ जुलै २०२० नंतर बंद झाली. घरच्या कॉम्प्युटरवर राहून गेलेली फाइल तिच्यामुळे बाहेरगावी ब्राउझरमधून उघडता यायची. मात्र त्यासाठी घरचा कॉम्प्युटर चालू हवा, इंटरनेटला जोडलेला हवा आणि त्यावर वनड्राइव्ह सुरू हवं. सगळी अडचण या अटींतच होती. वीज गेली, राउटर अडकला किंवा मशीन स्लीपमध्ये गेलं, की फाइल मिळायची नाही. मग घरी फोन करून कुणाला तरी बटण दाबायला सांगायचं, नाही तर काम उद्यावर ढकलायचं.

फाइलपर्यंत पोचण्यापेक्षा तिची प्रत आधीच प्रत्येक यंत्रावर ठेवावी, हा विचार त्याहून बराच जुना आहे. विंडोज ९५ मध्ये ‘ब्रीफकेस’ नावाचं फोल्डर होतं. त्यात फाइल टाकायची, फ्लॉपीवरून घरी न्यायची, बदल करायचे आणि परत आल्यावर ‘अपडेट’ म्हणायचं. कल्पना चांगली होती, पण ते ‘अपडेट’ दर वेळी आठवणीने करावं लागे.

पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक प्रसिद्ध केलं. मोठ्या फाइलमधला बदललेला तेवढाच भाग पाठवण्याची युक्ती त्यात होती. मात्र आरसिंक एकाच दिशेने चालतं. दोन्हीकडे काम करणाऱ्याला त्याहून अवघड प्रश्न पडतो: एखादी फाइल इथे आहे आणि तिथे नाही, तर ती इथे नवी आली की तिथे पुसली गेली? नुसत्या दोन याद्या ताडून याचं उत्तर मिळत नाही. मागच्या वेळी दोन्हीकडे काय होतं, हे लक्षात ठेवावं लागतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकाराने घडलेल्या युनिसनने अशी नोंद ठेवली. २००८ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ड्रॉपबॉक्सने हीच सोय सामान्य माणसाच्या हाती दिली, पण फाइल कंपनीच्या सर्व्हरवरून जायची.

तो सर्व्हर मधून काढला याकोब बोर्ग यांनी सुरू केलेल्या सिंकथिंगने. पहिली आवृत्ती डिसेंबर २०१३ मध्ये आली. प्रत्येक यंत्राला एक लांबलचक ओळख-क्रमांक मिळतो. दोन्ही यंत्रांनी एकमेकांचा क्रमांक स्वीकारला, की फोल्डर थेट एकमेकांत जुळू लागतं. थेट जोडणी जमली नाही तर मधला रिले वापरला जातो, पण त्याला मजकूर वाचता येत नाही.

खरी परीक्षा दोन्हीकडे एकाच फाइलवर काम झाल्यावर होते. समजा, सोमवारी सकाळी लॅपटॉप रेल्वेत आहे, नेट नाही, आणि त्यावर ‘ahaval.docx’ दुरुस्त झाली. दुपारी ऑफिसच्या डेस्कटॉपवर सहकाऱ्याने त्याच फाइलमध्ये आकडे बदलले. संध्याकाळी दोन्ही यंत्रं जोडली गेली, की उशिरा बदललेली फाइल मूळ नाव राखते. सकाळची प्रत शेजारी अशा नावाने उभी राहते:

```
ahaval.sync-conflict-20240610-182005-K7MPQ2X.docx
```

नावात तारीख, वेळ आणि बदल करणाऱ्या यंत्राची सात अक्षरी खूण असते. सकाळचं काम हरवलेलं नसतं, पण दोन्ही प्रती उघडून मजकूर एकत्र करणं माणसालाच करावं लागतं. ते न करता लोक मूळ नावाच्या फाइलवर पुढे लिहीत राहतात आणि सकाळच्या दुरुस्त्या आठवड्यानंतर सापडतात. म्हणून फोल्डरमध्ये अधूनमधून ‘sync-conflict’ शोधण्याची सवय फार मोलाची आहे.

पुसण्याचा धोका याहून मोठा. लॅपटॉपवर फोल्डर उडालं, की डेस्कटॉपवरूनही ते जातं. म्हणून सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे ठामपणे सांगायला हवं. जुन्या प्रती `.stversions` मध्ये जपण्याची सोय सिंकथिंगमध्ये आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. शिवाय ती फक्त दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांना लागू होते. ज्या यंत्रावर फाइल पुसली तिथे जुनी प्रत राहत नाही, ती राहते समोरच्याकडे. त्यामुळे ही सोय दोन्ही बाजूंना चालू हवी.

आणखी एक मर्यादा आहे. मध्ये सर्व्हर नसल्याने दोन्ही यंत्रं कधी तरी एकाच वेळी चालू असावी लागतात. लॅपटॉप रात्री आणि डेस्कटॉप दिवसा चालत असेल, तर त्यांची गाठ पडणारच नाही. यावर बरेच जण जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हे तिसरं यंत्र कायम चालू ठेवतात. इथे वनड्राइव्हच्या जुन्या अटीची आठवण होते, पण फरक मोठा आहे. हे तिसरं यंत्र बंद पडलं तर ताजे बदल उशिरा पोचतात, हातातली फाइल मात्र उघडतेच.

दूरच्या कॉम्प्युटरशी जोडून घेण्याची गरज सिंकमुळे संपलेली नाही. चित्रीकरणाचे दोन टेराबाइट २५६ जीबीच्या लॅपटॉपवर मावणार नाहीत, आणि ऑफिसच्या एकाच मशीनवर बसवलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर फोल्डर जुळवून घरी चालणार नाही. तिथे रिमोट डेस्कटॉपच लागतो.