वॉलेटमध्ये तीन लाख सॅट्स, तरी अडीच लाख जात नाहीत! असं का?

आज विषय बिटकॉइनचा आहे, पण घ्यावं की नाही याचा नाही. तुमच्यापैकी काहीजण परदेशी ग्राहकांकडून लोगो, एडिटिंग, डेटा एंट्री अशा कामांचे छोटे छोटे पेमेंट बिटकॉइनमध्ये घेतात. वॉलेटमध्ये बॅलन्स व्यवस्थित दिसतो, पण पाठवायला गेलं की `Insufficient funds` येतं, नाहीतर फी निम्मी रक्कम खाते. वॉलेट बिघडलेलं नसतं. मग होतं काय, ते एका उदाहरणातून बघूया.

एक गोष्ट आधी डोक्यातून काढा. बिटकॉइन वॉलेट बँक पासबुकसारखं नाही. पासबुकात पाच हजार आले, अजून पाच हजार आले की दहा हजारांची एकच ओळ होते. बिटकॉइनमध्ये तसं होत नाही. आलेलं प्रत्येक पेमेंट वेगळ्या नाण्यासारखं तसंच पडून राहतं. त्याला यूटीएक्सओ म्हणतात, म्हणजे अजून खर्च न झालेली जमा. स्क्रीनवरचा बॅलन्स ही त्या नाण्यांची फक्त बेरीज असते. गल्ल्यात तीन हजार रुपये आहेत, पण सगळे एकेक रुपयाच्या नाण्यांत, तसं समजा.

आता फी. यूपीआय किंवा कार्डाच्या सवयीमुळे आपल्याला वाटतं, फी रकमेवर लागते. बिटकॉइनमध्ये ती व्यवहाराने ब्लॉकमध्ये किती जागा घेतली यावर लागते. ही जागा व्हर्च्युअल बाइटमध्ये मोजतात आणि दर `sat/vB` असा दिसतो. आजच्या साध्या सेगविट पत्त्यावरचं (`bc1q` ने सुरू होणारा) एक नाणं खर्च करायला साधारण 68 व्हर्च्युअल बाइट लागतात. नाणं पाच हजार सॅट्सचं असो की पाच अख्ख्या बिटकॉइनचं, जागा तेवढीच. इथेच छोट्या माणसाची गोची होते.

समजा तुमच्याकडे 60 पेमेंट आली, प्रत्येकी 5,000 सॅट्स. बॅलन्स 3,00,000. त्यातले 2,50,000 पाठवायचेत आणि आज दर आहे 40 `sat/vB`. एक नाणं उचलायचा खर्च 68 गुणिले 40, म्हणजे 2,720 सॅट्स. पाच हजारांच्या नाण्यातून हातात राहिले 2,280. साठही नाणी वापरली, तर एकूण आकार सुमारे 4,122 व्हर्च्युअल बाइट आणि फी 1,64,880 सॅट्स. तुम्ही जास्तीत जास्त 1,35,120 पाठवू शकता. अडीच लाख कुठून जाणार? वॉलेट "पैसे कमी" म्हणतं ते खरंच सांगतं. आणि दर 80 झाला तर एक नाणं उचलायलाच 5,440 लागतात, म्हणजे नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त. त्या दिवशी तुमचा अख्खा बॅलन्स नुसता बघण्यापुरता.

80 दर फार वाटतोय? 20 एप्रिल 2024 ला हाल्विंग झालं आणि त्याच वेळी रून्स नावाचा प्रकार सुरू झाला. त्या दिवशी दर शेकड्यांत गेला होता. आणि शांत दिवसांत हाच दर 1-2 वर येऊन बसतो.

उपाय याच फरकात आहे. शांत दिवशी साठही नाणी स्वतःच्याच नव्या पत्त्यावर पाठवायची आणि त्यांचं एक मोठं नाणं करायचं. याला कन्सॉलिडेशन म्हणतात. दर 2 असताना तेच 4,122 व्हर्च्युअल बाइट फक्त 8,244 सॅट्समध्ये जातात. तुमच्याकडे 2,91,756 चं एक नाणं उरतं. नंतर दर 40 असतानाही ते पाठवायला सुमारे 141 व्हर्च्युअल बाइट, म्हणजे 5,640 सॅट्स फी. अडीच लाख आरामात जातात आणि 36,116 सॅट्स सुट्टे म्हणून तुमच्याकडेच परत येतात.

आता नीट ऐका, कारण इथे बरेच जण घाईने चुकीचा अर्थ काढतात. एकत्र केल्याने जागा वाचत नाही. ती साठ नाणी कधीतरी उचलावीच लागणार होती. उलट एक व्यवहार वाढला. वाचली ती वेळेची किंमत: जड काम स्वस्त दिवशी उरकलं. म्हणून दर 40 असताना घाबरून कन्सॉलिडेशन करणं म्हणजे 1,64,880 सॅट्स स्वतःलाच पैसे पाठवण्यात घालवणं. तेव्हा गप्प बसा, दर उतरू द्या.

करायचं कसं? `mempool.space` वर चालू दर बघा. शनिवारी-रविवारी बऱ्याचदा कमी असतो, पण हा नियम नाही. स्पॅरो वॉलेटमध्ये `UTXOs` टॅब उघडा. प्रत्येक नाणं वेगळं दिसेल. साठ ओळी बघितल्या की दुखणं लगेच कळतं. छोटी नाणी निवडा, `Send Selected` दाबा, स्वतःचा नवा `bc1q` पत्ता टाका, रकमेपुढे `Max` निवडा आणि फीचा दर कमी ठेवा. घाई नाही, एखादा दिवस लागला तरी चालतं. फी बदलण्याची सोय (`RBF`) चालू ठेवा, म्हणजे व्यवहार फारच अडकला तर दर वाढवता येईल. नाणी हजारात असतील तर दोनशे-दोनशेच्या गटाने करा. एका व्यवहाराची सर्वसाधारण मर्यादा 1,00,000 व्हर्च्युअल बाइट आहे, त्यापुढचा व्यवहार नेटवर्क पुढे सरकवतच नाही. आणि पत्ता जुन्या पद्धतीचा, 1 ने सुरू होणारा असेल, तर एका नाण्याला 68 नाही, जवळपास 148 लागतात. अशांनी तर शांत दिवस सोडूच नये.

एक किंमत मात्र पैशात मोजता येत नाही. साठ नाणी एका व्यवहारात आली की कुणालाही दिसतं, हे सगळं एकाच मालकाचं. ज्या ग्राहकाने तुम्हाला एक पेमेंट केलंय, तो त्या धाग्यावरून तुमची बाकीची कमाई मोजू शकतो. धंद्यात हे कुणाला आवडेल? म्हणून धंद्याची आणि घरची नाणी एकत्र करू नका. अनोळखी ठिकाणाहून चार-पाचशे सॅट्स येऊन पडले असतील, तर ते कधीकधी मुद्दाम टाकलेले असतात, तुम्ही ते इतर नाण्यांबरोबर खर्च कराल आणि तुमचे पत्ते जोडले जातील या आशेने. त्या ओळीवर राइट क्लिक करून `Freeze UTXO` करा आणि विसरून जा.

पैसे एक्सचेंजच्या खात्यातच असतील तर हे तुमच्यासाठी नाही. तिथे नाणी एक्सचेंज सांभाळतं आणि तुम्हाला फक्त आकडा दिसतो.

आणि मुळात नाणी बारीक होऊच नयेत असं वाटत असेल, तर ग्राहकाशी दर कामाऐवजी महिन्याचा हिशेब ठरवा. साठ पेमेंटची पाच झाली की नाणीही पाचच. पाच-दहा हजार सॅट्सची सुटी पेमेंट घ्यावीच लागत असतील, तर ती लाइटनिंगवर घ्या, म्हणजे प्रत्येक पेमेंटचं वेगळं नाणं मुख्य साखळीवर तयारच होत नाही.